एका ऊस वाहतूक बिलावर उभा केलेला एक्सेलचा धडा

"सर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. गट ऑफिसातल्या क्लार्कना एक्सेलचे फॉर्म्युले शिकवायचेत, पण सगळ्यांना एका वेळी बसवणं जमत नाही. ज्याने त्याने आपापल्या सवडीने करावा असा, सराव आणि उत्तरांच्या खुलाशासकट अभ्यास एक्सेलमध्येच कसा तयार करू? सुरुवात कुठून करू?"

SUM पासून करू नका. बेरीज तुमच्या क्लार्कना येते, आणि पहिला अर्धा तास येतं तेच करायला लावलं की माणूस फाइल मिटवतो आणि पुन्हा उघडत नाही. तुमच्या ऑफिसात रोज बनणारा एकच कागद घ्या आणि सगळा धडा त्यावर उभा करा. शेतकी विभागात असा कागद म्हणजे पंधरवड्याचं ऊस वाहतूक बिल. स्लिपवर गावकोड आणि काट्यावरचं निव्वळ वजन असतं. गावकोडावरून अंतर काढायचं, अंतरावरून टनाचा दर काढायचा आणि वजनाशी गुणायचं. या तीन पायऱ्यांत VLOOKUP दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा वेगळ्या तऱ्हेने. शिकवण्याजोगं सगळं त्या फरकात आहे.

फाइलमध्ये चार शीट ठेवा. त्यांची नावं मराठीत न ठेवता इंग्रजी अक्षरांत ठेवा: Gav, Dar, Slip, Key. फॉर्म्युला लिहिताना मध्येच कीबोर्ड बदलावा लागला की नवखा माणूस तिथेच अडकतो, एवढंच कारण.

Gav शीटवर गावं अशी (गावं पलूस तालुक्यातली खरी आहेत, कोड आणि अंतरं सरावासाठी मनाने टाकलेली):

```
     A     B          C
1   कोड   गाव        किमी
2   104   भिलवडी     14
3   118   अंकलखोप    19
4   109   बुर्ली      11
5   131   आमणापूर    9
6   122   कुंडल      23
7   115   नागठाणे    17
8   127   वसगडे      26
```

कोड उलटसुलट लागलेत ते मुद्दाम. ऑफिसातली यादीही अशीच असते, गाव जसं जोडलं गेलं तशी खाली ओळ वाढलेली. धड्यात यादी क्रमाने लावून दिलीत तर सगळ्यात महागडी चूक क्लार्कला दिसणारच नाही.

Dar शीटवर दराचे टप्पे (दरही सरावाचेच):

```
     A              B
1   किमीपासून    दर/टन
2   0              180
3   11             210
4   16             240
5   21             275
6   26             310
```

आणि Slip शीटवर सहा खेपा. D, E, F हे कॉलम क्लार्कने भरायचे:

```
     A      B       C        D      E     F
1   स्लिप   कोड     टन      किमी    दर    रक्कम
2   1      104    12.450
3   2      109    10.820
4   3      127    14.360
5   4      115    11.905
6   5      122    13.280
7   6      104    12.100
```

बरोबर उत्तर असं. पहिल्या ओळीत लिहायचं आणि खाली ओढायचं:

```
D2:  =VLOOKUP(B2,Gav!$A$2:$C$8,3,FALSE)
E2:  =VLOOKUP(D2,Dar!$A$2:$B$6,2,TRUE)
F2:  =ROUND(C2*E2,2)
```

बेरीज १८,३८८.५० येते.

आता क्लार्क काय लिहील ते बघा. दहातले निम्मे तरी शेवटचा FALSE गाळतात, कारण त्याच्याशिवायही फॉर्म्युला चालतो आणि आकडा येतो. पण तो शब्द गाळला की एक्सेल तिथे TRUE धरतं, म्हणजे यादी लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावलेली आहे असं समजून शोधतं. वसगड्याचा १२७ कोड घ्या. एक्सेल सात ओळींतली मधली उघडतं, तिथे १३१ आहे. १२७ त्याहून लहान, म्हणून वरच्या तीन ओळींत जातं. त्या तिघांतला मधला ११८. १२७ त्याहून मोठा, म्हणून त्याच्या खाली. खाली एकच ओळ उरली, १०९ ची. १०९ हा १२७ पेक्षा लहान आहे आणि शोधायला पुढे काही उरलेलं नाही, म्हणून तीच ओळ धरून ते बुर्लीचं अंतर देतं, ११. वसगडे २६ किलोमीटर, लिहिलं ११. लाल खूण नाही, #N/A नाही, काही नाही.

दर ३१० ऐवजी २१० लागतो आणि त्या एका खेपेत वाहतूकदाराचे १,४३६ रुपये कमी पडतात. कुंडललाही तेच ११ येतं, तिथे ८६३.२० कमी. नागठाण्याला १७ ऐवजी १४ येतं, ३५७.१५ कमी. सहा खेपांची बेरीज १५,७३२.१५ दिसते, म्हणजे २,६५६.३५ रुपयांची तूट. आणि भिलवडीचं बिल अचूक असतं. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने चालते: ज्याने तपासायला पहिली ओळ बघितली त्याला ती बरोबर दिसते.

बुर्लीची ओळ तर आणखी मजेशीर. तिथे अंतर ११ ऐवजी १४ येतं, पण दोन्ही एकाच टप्प्यात बसतात, म्हणून रक्कम बरोबरच येते. यातून तुमच्यासाठी एक गोष्ट निघते: धड्यात फक्त शेवटची रक्कम तपासू नका. किमीचा कॉलम वेगळा तपासा, दराचा वेगळा. नाहीतर चुकीच्या फॉर्म्युल्याला शाबासकी मिळते.

माझ्या पहिल्या धड्यात हेच झालं होतं, वेगळ्या ठिकाणी. तेव्हा मी पाचच खेपा ठेवल्या होत्या. एका क्लार्कने डॉलरची खूण न लावता `Gav!A2:C8` असं लिहिलं, खाली ओढलं आणि पाचही उत्तरं बरोबर आली. फॉर्म्युला खाली ओढला की ती कक्षा दर ओळीला एक पायरी खाली सरकते, दुसऱ्या खेपेला A3:C9, तिसऱ्या खेपेला A4:C10. पण माझ्या खेपांमधली गावं नेमकी अशा क्रमाने होती की प्रत्येक गाव त्या सरकलेल्या कक्षेतही सापडत होतं. त्याला पूर्ण मार्क मिळाले, आणि पंधरवड्याच्या खऱ्या बिलात निम्म्या ओळी #N/A. दोष त्याचा नव्हता, माझ्या आकड्यांचा होता. सहावी खेप पुन्हा १०४ ची ठेवली आहे ती त्यासाठी. तिथपर्यंत कक्षा A7:C13 झालेली असते, भिलवडी वरच राहून गेलेली असते आणि डॉलर विसरलेला माणूस बरोबर पकडला जातो.

तेव्हा सरावाचे आकडे ठरवताना आधी बरोबर फॉर्म्युला लिहा, मग तुमच्या क्लार्कच्या हातून होणारी प्रत्येक चूक स्वतः करून बघा आणि कुठल्या ओळीला काय येतं ते वहीत लिहून ठेवा. एखादी चूक करूनही सगळी उत्तरं बरोबर येत असतील तर आकडे बदला. या कामाला फॉर्म्युले लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ती वही पुढे खुलाशांसाठीही लागते.

आता दुसरा VLOOKUP. पहिला धडा नीट शिकलेला क्लार्क "FALSE टाकायचाच" हे पाठ करून येतो आणि दरालाही FALSE लावतो. मग बुर्ली आणि वसगड्याचा दर येतो, कारण ११ आणि २६ हे आकडे दरतक्त्यात जसेच्या तसे आहेत. भिलवडीचे १४, नागठाण्याचे १७, कुंडलचे २३ तक्त्यात नाहीत, तिथे #N/A. इथे TRUE च हवा: १४ सापडला नाही तर त्याच्या आतला सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे ११ ची ओळ, धरायची. आणि त्यासाठी दरतक्ता चढत्या क्रमाने लावलेला असलाच पाहिजे. क्लार्कला नियम सांगू नका, प्रश्न सांगा: मला नेमकी हीच ओळ हवी आहे, की हा आकडा ज्या टप्प्यात बसतो ती ओळ हवी आहे? कोडाला पहिला प्रश्न, टप्प्याला दुसरा.

टप्प्यांच्या काठाबद्दल थोडं थांबतो, कारण इथे क्लार्कपेक्षा साहेब लोक जास्त चुकतात. दराच्या परिपत्रकात "१५ किमीपर्यंत" असं लिहिलेलं असतं, म्हणजे १५ हा खालच्या टप्प्यात. पण VLOOKUP ला टप्पा कुठून सुरू होतो ते लागतं. कोणी तक्त्यात ०, १०, १५, २० असे आकडे टाकले की बरोबर १५ किलोमीटरचं गाव वरच्या टप्प्यात जातं. म्हणून वरच्या तक्त्यात ११, १६, २१ आहेत. अंतरं पूर्ण किलोमीटरमध्ये असतील तोवर हे चालतं. १५.४ सारखं अंतर आलं तर ते १६ च्या आत म्हणून खालच्या टप्प्यात राहील. तुमच्याकडे अपूर्णांक वरच्या किलोमीटरला धरायची पद्धत असेल तर E2 च्या फॉर्म्युल्यात D2 च्या जागी `ROUNDUP(D2,0)` लिहायला लावा. पद्धत कुठली, हे एक्सेल सांगणार नाही, हिशेब विभागाला विचारा आणि धड्यात तसं लिहून टाका.

आता स्वतःहून तपासणारा भाग. क्लार्क रात्री नऊला घरी बसून करत असेल तर शेजारी तुम्ही नाही. म्हणून Key शीटवर Slip सारखीच मांडणी करा आणि बरोबर फॉर्म्युले लिहा, पण गावकोड आणि वजन Slip शीटवरूनच उचला. म्हणजे क्लार्कने कोड बदलला तरी उत्तर सोबत बदलतं. मग Slip शीटवर H कॉलममध्ये तपासणी. चौथ्या ओळीची, म्हणजे वसगड्याची, अशी:

```
=IF(ISBLANK(D4),"",IF(NOT(ISFORMULA(D4)),"फॉर्म्युला हवा",
 IF(ISNA(D4),"टीप 1",IF(ISERROR(D4),"टीप 2",
 IF(D4=Key!D4,"बरोबर",IF(D4=11,"टीप 3","टीप 4"))))))
```

क्रम महत्त्वाचा आहे. मी आधी ISBLANK च्या जागी `D4=""` लिहिलं होतं. D4 मध्ये #N/A आला की ती तुलनाच #N/A होते, आणि तपासणीच्या सेलमध्येही #N/A उमटतो. क्लार्कचा फोन आला, "सर, तुमचाच फॉर्म्युला बिघडलाय." खरंच बिघडला होता.

ISFORMULA कशाला, तर काही जण Gav शीटवर बघून २६ हाताने टाकतात. हे फंक्शन एक्सेल २०१३ पासून आहे. एखाद्या गट ऑफिसात २००७ किंवा २०१० असेल तर तिथे #NAME? दिसेल, म्हणून आधी सगळ्या कॉम्प्युटरवर कुठली आवृत्ती आहे ते बघून घ्या. XLOOKUP मी या धड्यात घेत नाही तेही त्याच कारणाने, तो २०२१ पासूनच्या आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्येच मिळतो. तरीही `=26` असं लिहिणारा एखादा निघतोच. त्याच्यासाठी सरावाच्या शेवटी एक ओळ: "आता B4 मध्ये 131 लिहा. H4 मध्ये अजून 'बरोबर' दिसतंय का?" आमणापूरचे ९ आले नाहीत की सोंग उघडं पडतं.

"बरोबर / चूक" एवढंच सांगणारी तपासणी कामाची नाही. चुकलेला माणूस तोच फॉर्म्युला पुन्हा तीनदा लिहून बघतो. त्याने काय लिहिलं असणार हे त्याच्या उत्तरावरून ओळखता येतं, वसगड्याला ११ आले तर FALSE गाळलाय हे जवळजवळ नक्की. म्हणून खुलासा प्रश्नाला जोडू नका, चुकीच्या उत्तराला जोडा. माझी टीप ३ अशी आहे:

"तुम्हाला ११ आले. ११ हे बुर्लीचं अंतर आहे, वसगड्याचं नाही. Gav शीट उघडा आणि १०९ च्या ओळीवर बोट ठेवा. एक्सेलने ती ओळ का धरली? तुमच्या फॉर्म्युल्यात कंसाच्या आत तीनच गोष्टी आहेत का ते मोजा. चौथी नसेल तर एक्सेल यादी क्रमाने लावलेली समजतं. चौथी गोष्ट लिहा आणि पुन्हा खाली ओढा. मग D3 कडेही बघा, तो बदलला का?"

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. D3 म्हणजे बुर्ली, जिथे रक्कम आधीही बरोबर होती. तो १४ चा ११ झालेला बघितला की माणूस जे समजतो ते मी दोन पानं लिहून समजावू शकलो नसतो. बरोबर फॉर्म्युला टिपेत देऊ नका. तो तीन प्रयत्नांनंतर बघण्यासाठी वेगळ्या शीटवर ठेवा.

टीप १ जरा लांब होते, कारण #N/A ची कारणं अनेक. सहाव्या खेपेलाच आला असेल तर डॉलर. सगळ्याच ओळींना आला असेल आणि कोड समोर दिसत असूनही सापडत नसेल, तर तो आकडा नसून मजकूर आहे. काट्याच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये हे वारंवार होतं. ओळखायची खूण म्हणजे आकडा सेलमध्ये डावीकडे चिकटलेला असतो आणि कोपऱ्यात बहुधा हिरवा त्रिकोण. तिथे `VLOOKUP(VALUE(B2),...` लिहून काम भागतं. यासाठी दुसरा सराव वेगळा करा: त्याच सहा खेपा, फक्त दोन कोड मजकूर म्हणून भरलेले. सेलचं फॉर्मॅट आधी Text करून मग १०९ टाइप केलं की झालं. गावाच्या नावावरून शोधायला मात्र शिकवूच नका. जुनी यादी श्रीलिपीत टाइप केलेली आणि नवी युनिकोडमध्ये असेल तर पडद्यावर दोन्हीकडे "नागठाणे" दिसतं आणि आत अक्षरं वेगळीच असतात. जन्मात जुळणार नाहीत.

IFERROR हा या धड्यात येऊ देऊ नका. कोणीतरी शिकवून ठेवलेलं असतं की #N/A वाईट दिसतो, म्हणून `IFERROR(...,0)` घालायचं. त्या दिवसापासून न सापडलेल्या गावाची रक्कम शून्य होते आणि बेरीज छान दिसते. #N/A दिसतो म्हणून बेरीज अडते, आणि ती अडते तेच बरं.

फाइल वाटण्याआधी D, E, F मधल्या भरायच्या सेल निवडा, Ctrl+1 दाबा आणि Protection मध्ये Locked ची खूण काढा. सरावात कोड बदलायला सांगितलाय, म्हणून B कॉलमचीही काढा. H कॉलमला तिथेच Hidden ची खूण करा, नाहीतर तपासणीच्या फॉर्म्युल्यात ११ वाचून लोक उलटे अंदाज बांधतात. मग Review मधून Protect Sheet. Key शीट Hide करा आणि Protect Workbook लावा. हे कुलूप पक्कं नाही, जाणकार माणूस काढू शकतो. पण ज्याला ते काढता येतं त्याला VLOOKUP येतच असणार.

सगळ्यांना देण्याआधी एकाच क्लार्कला बसवा आणि मागे गप्प उभे राहा. गप्प राहणं अवघड जातं. तो जिथे मान वळवून तुमच्याकडे बघेल, तिथे टीप अपुरी आहे. मी अशा एका दुपारी तेरा वेळा मान वळलेली मोजली आणि त्यातल्या नऊ वेळा अडचण एक्सेलची नव्हती, माझ्या सूचनेच्या भाषेची होती. "ॲब्सोल्यूट रेफरन्स द्या" असं लिहिलं होतं. "F4 दाबा, डॉलर लागेल" असं केलं आणि प्रश्न मिटला. काही लॅपटॉपवर Fn सोबत दाबावा लागतो, तेही लिहा.

हंगाम सुरू व्हायच्या आत एवढा एक धडा झाला तरी पुष्कळ. शेवटचा सराव "नवं गाव आलं" असा ठेवा: Gav च्या नवव्या ओळीत १३४ कोडाचं एक गाव भरा, अंतर २१, आणि सातव्या खेपेला तोच कोड द्या. फॉर्म्युला बरोबर असूनही #N/A येतो, कारण कक्षा C8 ला संपते. इथे क्लार्कने कक्षा `Gav!$A:$C` अशी पूर्ण कॉलमची केली तरी मान्य करा, किंवा यादी निवडून Ctrl+T ने टेबल करून फॉर्म्युल्यात टेबलाचं नाव दिलं तरी. Key शीटवर मात्र आधीपासूनच पूर्ण कॉलमची कक्षा ठेवा. मी ती ठेवायला विसरलो होतो, आणि त्या सरावात बरोबर उत्तर लिहिणाऱ्यालाच माझ्या तपासणीत #N/A दिसत होता.